'कलम 5 च्या अधीन राहून'

"मॅडम, माझे चौदाशे रुपये का कापले?"

आमच्या सपोर्ट टीममधली एक मुलगी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पगाराची स्लिप मोबाइलवर उघडून माझ्या टेबलापाशी उभी होती. जुलैच्या मध्यावर लागलेली, महिना बावीस हजार पगार, अजून प्रोबेशनवर. ऑक्टोबरमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून तिने शुक्रवार आणि सोमवार अशी दोन दिवसांची कॅज्युअल लीव्ह घेतली होती. खात्यात बरोब्बर दोन शिल्लक होत्या. मॅनेजरने मंजुरी दिली होती. तरी स्लिपवर 'रजा : 4 दिवस, त्यापैकी विनापगारी : 2' असं लिहून आलं होतं. बावीस हजार भागिले एकतीस, गुणिले दोन : 1,419 रुपये.

मी एचआरमध्ये काम करते. पुण्यातली कंपनी, साधारण पावणेदोनशे माणसं. मी तिला म्हटलं, "थांब, पॉलिसी बघून सांगते." आणि मला ते सांगायला पंचवीस मिनिटं लागली. ही पॉलिसी सांभाळणं माझं काम होतं, त्याचा मला पगार मिळत होता, आणि तरीही पंचवीस मिनिटं.

तो प्रवास सांगते, कारण माझं सगळं भांडण त्या प्रवासाशी आहे. अकरा पानांची पीडीएफ. आधी इंग्रजी, शेजारी मराठी भाषांतर. कॅज्युअल लीव्हचं कलम म्हणत होतं, 'पात्र कर्मचाऱ्यास कलम 5 च्या अधीन राहून नैमित्तिक रजा अनुज्ञेय राहील.' पात्र कोण? ते पहिल्या पानावर, व्याख्यांमध्ये : 'कलम 9.1 अन्वये वगळण्यात आलेले कर्मचारी सोडून इतर सर्व.' म्हणून नववं कलम. तिथे ही मुलगी वगळलेली नव्हती, म्हणजे पात्र होती. आता कलम 5. ते म्हणे, 'रजेलगतच्या सुट्ट्यांबाबत कलम 6.2 लागू राहील.' 6.2 मध्ये खरा नियम निघाला. रजेच्या दोन दिवसांमध्ये आलेले शनिवार-रविवारही रजेतच धरले जातील, 'परिशिष्ट ब मधील प्रकार वगळता.' ऑफिसात याला सँडविच म्हणतात. आणि परिशिष्ट ब मध्ये एकच ओळ : 'कलम 4.2 मधील रजा.'

4.2 उघडलं. तिथे अर्ध्या दिवसाच्या रजेचा नियम होता.

अर्ध्या दिवसाच्या रजेला सँडविचमधून सूट कशाला द्यायची? त्याला काही अर्थच नव्हता. जुन्या आवृत्त्या शोधल्यावर उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत 4.2 म्हणजे कॅज्युअल लीव्ह होती. मग कोणीतरी अर्ध्या दिवसाचा नियम मध्येच घुसवला. कॅज्युअल लीव्ह सरकून 4.3 झाली आणि परिशिष्टात मात्र 4.2 तसंच राहिलं. सूट द्यायची होती एकाला, मिळत राहिली दुसऱ्यालाच. पगाराचं सॉफ्टवेअर भरणाऱ्या माणसाने पॉलिसीत लिहिलं होतं ते इमानदारीने भरलं होतं. दोन वर्षं ते तसंच कापत होतं.

मुलीला तिचे पैसे पुढच्या पगारात परत मिळाले. पण मी तेव्हापासून ही पॉलिसी पुन्हा लिहायला घेतली, आणि त्या कामातून माझं एक ठाम मत झालं. 'अमुक कलमाच्या अधीन राहून' हे वाक्य म्हणजे नीटनेटकेपणा आहे, असं आपल्याला शिकवलं जातं. तो नीटनेटकेपणा नाही. नियम लिहिणाऱ्याने आपलं काम वाचणाऱ्याच्या अंगावर ढकलण्याची ती पद्धत आहे. आणि कित्येकदा त्यामागे याहून वाईट गोष्ट असते : निर्णय घेतलेलाच नसतो.

मी स्वतःला घातलेली अट साधी होती. प्रत्येक नियम एकटा वाचता आला पाहिजे. बाकीची सगळी पानं हाताने झाकली तरी त्या एका नियमातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : कोणाला, काय, आणि कुठपर्यंत. दुसऱ्या कलमाचा नंबर नाही, 'वर नमूद केल्याप्रमाणे' नाही, 'लागू असल्यास' नाही.

कॅज्युअल लीव्हचा नियम आता असा आहे :

"कोणाला : कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्या प्रत्येकाला, कामाच्या पहिल्या दिवसापासून. प्रोबेशनवर असलात तरी आणि राजीनामा देऊन नोटीस काळात असलात तरी. काय : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या प्रत्येक तिमाहीला 2 दिवस पगारी रजा तुमच्या खात्यात जमा होते. तिमाहीच्या मध्ये रुजू झालात तरी त्या तिमाहीचे 2 दिवस मिळतात. मर्यादा : वर्षाला 8 दिवस. 31 डिसेंबरला उरलेले दिवस पुढच्या वर्षात जात नाहीत आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत. रजेच्या मध्ये शनिवार, रविवार किंवा सणाची सुट्टी आली, तर ती रजेत मोजत नाही."

आठ हा आकडा आमच्या साहेबांच्या दिलदारीतून आलेला नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे, तिमाहीगणिक जमा होणारी. आमच्या जुन्या पॉलिसीतही आठच होत्या. फरक एवढाच, की तेव्हा त्या आठांपर्यंत पोचायला पाच ठिकाणी फिरावं लागायचं.

या तीन प्रश्नांत सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न 'कोणाला' हा होता. तोच सगळ्यात अवघड निघाला.

पीएलचा, म्हणजे अर्जित रजेचा नियम लिहीत होते. त्याच कायद्यानुसार वर्षात 240 दिवस काम केलेल्या माणसाला दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते, म्हणजे 240 दिवसांना बारा, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. 'काय' आणि 'मर्यादा' झटक्यात लिहून झालं. 'कोणाला' पाशी मी अडले. आमच्याकडे चारजण एक वर्षाच्या करारावर होते. एजन्सीमार्फत आलेले नव्हेत, थेट कंपनीच्या पगारावर, फक्त मुदत ठरलेली. जुन्या पॉलिसीत नवव्या कलमात 'कलम 2.3 मधील कर्मचारी' वगळले होते, आणि 2.3 मध्ये होतं, 'वेळोवेळी ठरविण्यात येईल अशा स्वरूपाचे तात्पुरते कर्मचारी.'

मी अकाउंट्सला विचारलं, या चौघांना पीएल आहे का? ते म्हणाले, आहे, आम्ही जमा करतो. त्यांच्या मॅनेजरला विचारलं. ते म्हणाले, नाही, मी त्यांचे अर्ज परत पाठवतो. चौघांपैकी एकाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ॲपमध्ये दिसतात बारा, पण घ्यायच्या नसतात असं सरांनी सांगितलंय."

म्हणजे रजा जमा होत होती, दिसत होती आणि मिळत नव्हती. हे कोणी लबाडीने केलं नव्हतं. कोणी ठरवलंच नव्हतं. 'वेळोवेळी ठरविण्यात येईल' या कर्मणी प्रयोगात ठरवणारा माणूस नाही, आणि वेळही नाही. आपल्या सरकारी आणि कंपनी-मराठीत हे प्रयोग फार लाडके आहेत : देण्यात येईल, विचारात घेतली जाईल, अनुज्ञेय राहील. कोण देणार, कोण विचारात घेणार, कधी, याचं उत्तर वाक्यात असण्याची गरजच नसते. व्याकरण शाबूत राहतं आणि माणूस लटकतो. त्यात संदर्भाची साखळी जोडली, की साखळीच्या टोकाला काहीच नाही हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण टोकापर्यंत कोणी जातच नाही.

'कोणाला' या शब्दापुढे जेव्हा माणसांची नावं घेतल्यासारखं लिहावं लागलं, तेव्हा बैठक घ्यावी लागली, आणि तेव्हा निर्णय झाला. आता तिथे लिहिलंय, 'कायम असोत की मुदतीच्या करारावर.' आणि हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या लोकांसाठी वेगळं वाक्य आहे : 'तुमचा पगार एजन्सी देते, म्हणून तुमची रजाही एजन्सी मंजूर करते. ती नाकारली गेली तर एचआरला सांगा. आम्ही एजन्सीशी तीन दिवसांत बोलू.' मी हे वाक्य घालण्यासाठी दोन आठवडे भांडले. पॉलिसीत जे आपले नाहीत त्यांच्याबद्दल लिहायचं कशाला, असं म्हणणं होतं. माझं म्हणणं होतं, ते रोज याच इमारतीत येतात आणि याच भिंतीवरची नोटीस वाचतात. 'तुम्हाला नाही' हेही स्वच्छ लिहिलं पाहिजे. गप्प राहून कळवलेला नकार सगळ्यांत महाग पडतो.

मातृत्व रजेबद्दल सांगायलाच हवं. जुन्या पॉलिसीत या रजेला एक ओळ होती : 'पात्र कर्मचाऱ्यांस प्रचलित कायद्यानुसार.' इथे साखळी पीडीएफच्याही बाहेर गेली. आता वाचणारीने कायदा शोधायचा. आणि ती काय वाचणार? प्रोबेशनवरची बाई 'पात्र' हा शब्द वाचून समजते, की आपण अजून कन्फर्म नाही, म्हणजे आपल्याला नाही. आमच्याकडे एकीने असं समजून राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला होता. मैत्रिणीने मला येऊन सांगितलं म्हणून कळलं.

कायद्याला प्रोबेशनशी काही देणंघेणं नाही. तो विचारतो, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही इथे 80 दिवस काम केलंय का? केलं असेल तर 26 आठवडे पगारी रजा, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ. आधीची दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर 12 आठवडे, त्यातले आधी जास्तीत जास्त सहा. गर्भपात झाला तर सहा आठवडे. 2017 पासून हे 26 आठवडे आहेत. आमच्या नव्या नियमात हे सगळे आकडे त्याच जागी, त्याच परिच्छेदात आहेत, आणि सुरुवातीलाच लिहिलंय : 'प्रोबेशनवर असलात तरी.' हे तीन शब्द जुन्या पॉलिसीत असते, तर तो राजीनामा लिहिला गेलाच नसता.

आता विरोधकांचं म्हणणं, कारण ते खोटं नाही.

सगळ्यात भक्कम आक्षेप आमच्या वकिलांनी घेतला. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिलीत, की बदलताना तीन ठिकाणी बदलाल आणि चौथी विसराल. संदर्भ देण्याचा उद्देशच तो असतो : गोष्ट एका जागी ठेवायची, बाकीच्यांनी तिकडे बोट दाखवायचं.

आणि मी विसरले. नवी पॉलिसी लागू होऊन तीन महिने झाले नसतील. आजारपणाच्या रजेला डॉक्टरचं सर्टिफिकेट दोन दिवसांपेक्षा जास्त रजेला लागायचं, ते व्यवस्थापनाने तीन दिवसांपेक्षा जास्त असं केलं. हा आकडा तीन नियमांत होता. मी दोन ठिकाणी बदलला. तिसरा घरून काम करणाऱ्यांच्या नियमात होता, तो तसाच राहिला. तिथल्या एकाला तीन दिवसांच्या तापासाठी सर्टिफिकेट मागितलं गेलं, आणि त्याने मला दोन नियमांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून पाठवले. वकील काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

पण ही चूक आणि 4.2 ची चूक यांत फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकात आहे. माझी चूक एका वाचणाऱ्याने काही मिनिटांत पकडली, कारण दोन्ही आकडे उघड्यावर होते. 4.2 ची चूक दोन वर्षं कोणाला दिसली नाही, कारण ती दिसायला पाच कलमं एका वेळी डोक्यात धरावी लागत होती. चुका दोन्ही पद्धतींत होतात. एकीत त्या सापडतात.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, माझ्यापुरती एक शीट. प्रत्येक आकड्याला एक ओळ आणि त्यापुढे तो आकडा कोणकोणत्या नियमांत आलाय त्यांची यादी. आकडा बदलायचा तर आधी शीट उघडायची आणि यादीतली प्रत्येक जागा बदलून तिथे खूण करायची. मग मजकुरात जुना आकडा शोधून बघायचा, कुठे उरलाय का. म्हणजे संदर्भांची साखळी मी मोडली नाही, फक्त तिची जागा बदलली. ती आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, वाचणाऱ्याच्या गळ्यात नाही. पावणेदोनशे माणसांनी आयुष्यभर पानं उलटण्यापेक्षा मी एकटीने वर्षातून तीन-चार वेळा अर्धा तास घालवणं केव्हाही स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट, पॉलिसीच्या पहिल्या पानावरचं एक वाक्य : 'दोन नियमांत दोन वेगळे आकडे दिसले, तर तुमच्या फायद्याचा आकडा लागू होईल.' यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. पण चूक लिहिणाऱ्याची असेल तर भुर्दंड वाचणाऱ्याला का? आधीही पॉलिसीत चुका होत्याच. त्यांचा भुर्दंड मात्र दर वेळी त्या मुलीसारख्यांनी भरला, आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप लवचीकतेचा. सगळं इतकं घट्ट लिहिलंत तर अडीअडचणीला सूट कशी देणार? मी म्हटलं, सूटही तशीच लिहा. 'विशेष परिस्थितीत व्यवस्थापन विचार करेल' ही सूट नाही, ओळखी असणाऱ्यांसाठी ठेवलेलं मागचं दार आहे. आता तिथे लिहिलंय, की शिल्लक रजा संपलेल्या कोणालाही, घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तर, विभागप्रमुख वर्षात पाच दिवसांपर्यंत जास्तीची पगारी रजा देऊ शकतात. अर्ज आल्यापासून एका दिवसात हो किंवा नाही लेखी कळवायचं, आणि नाही असेल तर कारण लिहायचं. लवचीकता राहिली. फक्त तिला आता देणारा, घेणारा आणि मर्यादा आहे.

एका ठिकाणी मात्र मी माघार घेतली, तीही सांगते. 'कायद्यात याहून जास्त असेल तर कायद्यातलं मिळेल' हे वाक्य मला काढता आलं नाही. ते बाहेरच बोट दाखवतं. पण त्याचं बोट वाचणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि आकडे आधी सांगून झाल्यावर ते येतं, आकड्यांच्या ऐवजी नाही.

पॉलिसी जमली का, हे मी साहेबांना विचारलं नाही. लिहिण्यात भाग नसलेल्या पाचजणांना बोलावलं. प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर पॉलिसी उघडायला लावली, कारण ती वाचली जाते ती तिथेच, बसमध्ये, एका अंगठ्याने. प्रत्येकाला स्वतःच्याच परिस्थितीतला एक प्रश्न : 'तू पुढच्या महिन्यात राजीनामा दिलास तर तुझ्या सीएलचं काय?' उत्तरात आकडा किंवा सरळ हो-नाही आलं पाहिजे. 'बहुतेक' हा शब्द आला की नियम नापास. पहिल्या फेरीत दोन नियम नापास झाले. एकात मी 'महिना' लिहिलं होतं, आणि कॅलेंडरचा महिना की रुजू झाल्या तारखेपासूनचा, हे कोणाला कळेना. ते बदललं.

आणि हो, नवी पॉलिसी आठ पानांची झाली. काही नियम आधीपेक्षा लांबले. पण व्याख्यांचं पान, वगळण्याचं कलम आणि दोन परिशिष्टं गेली, कारण त्यांचं काम आता ज्या त्या नियमातच होतं.

तुमच्या कंपनीची पॉलिसी आज रात्री उघडा. 'अधीन', 'वगळता', 'वर नमूद', 'लागू असल्यास' हे शब्द शोधा. इंग्रजीत असेल तर त्यांचे तिथले भाऊबंद सापडतील. एक रजा निवडा आणि माग काढा. वाटेत तुम्हाला असं कलम भेटेल जे दुसरंच काहीतरी सांगतंय, किंवा शेवटी काहीच नसेल. स्क्रीनशॉट काढा आणि एचआरला एकच प्रश्न लिहून विचारा : हे कोणाला, किती, कुठपर्यंत? उत्तर लेखी मागा. आम्हाला हा प्रश्न आवडत नाही, कारण बऱ्याचदा त्याचं उत्तर आमच्याकडेही नसतं.

त्या 4.2 मुळे दोन वर्षांत आणखी कोणाकोणाचे पैसे कापले गेले, ते मी जुन्या स्लिपा काढून तपासलं. सतराजण निघाले. अकरा अजून कंपनीत होते. त्यांना परत मिळाले. सहाजण नोकरी सोडून गेले होते. त्यांचं काय, असं विचारल्यावर अकाउंट्सचं उत्तर आलं, "मागितले तर देऊ."

पण आपले पैसे कापले गेलेत हेच त्यांना माहीत नाही, तर ते मागणार कसे? मी त्या सहाजणांना मेल लिहिले. कोणाला, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायचा, ते प्रत्येकाला वेगवेगळं लिहिलं. कुठल्याही कलमाचा नंबर न देता.